रशियनची पायाभूत परीक्षा: घरच्या अभ्यासात कुठल्या भागाला किती वेळ द्यावा

प्रश्न: सर, मी नाशिकरोडला राहते आणि सातपूरला नोकरी करते. रशियनच्या पायाभूत पातळीची, म्हणजे ए-२ ची परीक्षा चार महिन्यांनी द्यायची आहे. क्लास नाही, घरीच अभ्यास करते. सोमवार ते शनिवार तासभर आणि रविवारी तीन तास मिळतात. एक नमुना परीक्षा वेळ लावून सोडवली. वाचनात ८० टक्के, व्याकरणात ६१ आणि ऐकण्यात ४३ मिळाले. लेखन तपासायला कुणीच नाही. चारही भागांना सारखा वेळ देऊ का? नाहीतर कसा वाटू?

उत्तर:

सारखा वेळ देऊ नका. या परीक्षेत सगळ्या भागांची बेरीज करून निकाल लागत नाही. प्रत्येक भागात स्वतंत्रपणे किमान ६६ टक्के लागतात. सवलत एवढीच की बाकी सगळ्या भागांत ६६ च्या वर असाल, तर एका भागात ६० ते ६६ च्या मधले गुण चालून जातात. त्यामुळे वाचनातले तुमचे ८० ऐकण्यातल्या ४३ ला काहीच हातभार लावत नाहीत. व्याकरणातले ६१ त्या सवलतीत बसतात खरे, पण ती सवलत आत्ताच खर्च करू नका. लेखनात तुम्ही कुठे आहात हे अजून ठाऊक नाही आणि ती तिथेही लागू शकते.

नियोजनाआधी एक काम करा. ही परीक्षा रशियातली वेगवेगळी विद्यापीठं घेतात, उदाहरणार्थ मॉस्कोची पुश्किन संस्था किंवा सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ. पातळी एकच असली तरी प्रश्नांची मांडणी थोडी बदलते. मुंबईत पेडर रोडवरच्या रशियन हाउसला आधी विचारा की तुमच्या तारखेला कुठल्या विद्यापीठाची परीक्षा आहे, आणि मग त्याच विद्यापीठाची नमुना प्रश्नपत्रिका वापरा. ढोबळ रूप सगळीकडे सारखं असतं: व्याकरण आणि शब्दसंपत्तीची शंभराच्या आसपास वाक्यं ५० मिनिटांत, वाचन ५० मिनिटं, लेखन ५० मिनिटं, ऐकणं साधारण अर्धा तास. बोलण्याचा पाचवा भागही असतो. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण तो टाळता येत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो. या पातळीला साधारण १३०० शब्द अपेक्षित असतात आणि त्याच्या खालच्या प्राथमिक पातळीला ७८०.

आता तुमचे आकडे पाहू. वाचनात ८० आणि ऐकण्यात ४३ हे अंतर मोठं आहे आणि त्यातून निदान होतं. शब्द कमी पडत असते तर वाचनही पडलं असतं. वाचताना शब्दकोश वापरायची मुभा असते, त्यामुळे ८० हा आकडा थोडा फुगलेला असेल हे धरलं, तरी एवढा फरक त्याने भरून निघत नाही. मुद्दा असा की जे शब्द तुम्ही डोळ्यांनी ओळखता, ते कानाला ओळखू येत नाहीत.

याचं कारण रशियनच्या उच्चारात आहे. मराठीत शब्द लिहितो तसा जवळपास तसाच बोलतो, प्रत्येक स्वर आपली जागा धरून असतो. रशियनमध्ये शब्दातल्या एकाच स्वरावर आघात येतो आणि बाकीचे स्वर पुसट होतात. आघात नसलेला ‘ओ’ जवळजवळ ‘अ’ होतो. ‘दूध’ या अर्थाचा शब्द तीन ‘ओ’ने लिहितात, पण ऐकू येतो ‘मलाको’. शिवाय शब्दयोगी अव्ययं सुटी उच्चारली जात नाहीत, पुढच्या शब्दाला चिकटतात आणि त्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे स्वतःचा आवाज बदलतात. एकटा रशियन वाचत बसलेला माणूस प्रत्येक शब्द मनात सुटासुटा आणि अक्षराबरहुकूम म्हणतो. मग परीक्षेतला आवाज ऐकला की त्याला वाटतं बोलणारा फार भरभर बोलतोय. वेग खरं तर साधाच असतो.

म्हणून तुमचे आठवड्याचे नऊ तास पहिले सहा आठवडे असे वाटा: ऐकण्याला साडेतीन, व्याकरणाला अडीच, लेखनाला दोन आणि वाचनाला एक. मात्र चार वह्या आणि चार पुस्तकं घेऊन चार वेगळे अभ्यास करू नका. दर आठवड्याला एकच छोटा ध्वनिमुद्रित मजकूर घ्या, ज्याचं लिखित रूपही हाताशी आहे. त्याच्यावरच आधी कान, मग व्याकरण, मग लेखणी चालवा. एक शब्द ऐकण्यात, व्याकरणात आणि पत्रात तिन्हीकडे भेटला की तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

हे कसं करायचं ते एका उदाहरणावर दाखवतो. रशियन शब्द इथे देवनागरीत, कानाला ऐकू येतील तसे देतो. तुमच्या वहीत मात्र ते रशियन लिपीतच आणि हातानेच लिहा, कारण लेखनाच्या भागात तेच करायचं आहे. समजा फोनवर ठेवलेला हा निरोप आहे:

‘इरा, प्रिव्येत! फ सुब्बोतु या नि स्मगू पय्ती फ तिआत्र: या येदु फ कज़ान्य ग बाबुश्कि. पोयिस्त फ पित्नात्सत्य द्वात्सत्य. विर्नूस्य इस कज़ानि वा फ्तोर्निक.’

म्हणजे: इरा, शनिवारी मला नाटकाला येता येणार नाही, मी कज़ानला आजीकडे चालले आहे. गाडी पंधरा वीसची आहे. कज़ानहून मंगळवारी परत येईन.

सोमवारी हा निरोप मजकूर न बघता दोनदा ऐका. या पातळीच्या नमुना परीक्षांत ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, म्हणून सरावातही दोनच. मग परीक्षेच्या पद्धतीचे तीन प्रश्न सोडवा: बोलणारी शनिवारी कुठे असेल, गाडी किती वाजता आहे, ती परत कधी येणार. पहिल्या प्रश्नात ‘नाटकाला’ हा पर्याय नक्की दिलेला असतो, कारण तो शब्द ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. नकार मात्र त्याच्या आधी एका पुसट ‘नि’मध्ये संपून गेलेला असतो. ऐकण्याच्या भागात चुकीचे पर्याय बहुतेक वेळा असेच बनवतात: ऐकलेलाच शब्द, पण न घडलेली गोष्ट. म्हणून ओळखीचा शब्द कानावर पडला की लगेच खूण करायची नाही, त्याच्या क्रियापदापर्यंत थांबायचं.

दुसऱ्या दिवशी तोच निरोप एकेक वाक्य थांबवत ऐका आणि जे ऐकू येईल ते लिहून काढा. त्यानंतरच मूळ मजकूर उघडा आणि जिथे जिथे चुकलात तिथे समासात एक अक्षर लिहा. शब्दच माहीत नव्हता तर ‘न’. शब्द माहीत होता, पण ऐकताना ओळखला नाही तर ‘ओ’. ओळखला होता, पण पुढचं ऐकण्याच्या नादात निसटला तर ‘सु’. या तीन अक्षरांसाठी दोन-तीन मिनिटांहून अधिक लागत नाहीत आणि त्यावरच पुढच्या आठवड्याची दिशा ठरते.

तिन्ही चुकांवर इलाज वेगळे आहेत. ‘न’ जास्त असतील तर शब्दसंग्रह वाढवावा लागेल. ‘सु’ जास्त असतील तर ऐकताना आकडे आणि नावं झटपट टिपायची सवय लावावी लागेल. तुमच्या बाबतीत ‘ओ’ सगळ्यात जास्त निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यावर नवे शब्द पाठ करून काहीही होत नाही. तिथे मजकूर समोर ठेवून ध्वनिमुद्रणाबरोबर मोठ्याने म्हणायचं, बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच चालीत. वरच्या निरोपात लिहिताना आजीच्या आधीचं अव्यय ‘क’ आहे, पण पुढे ‘ब’ आल्यामुळे ऐकू येतं ‘ग बाबुश्कि’. ‘रेल्वेगाडी’ या शब्दाच्या शेवटी लिहिताना ‘झ्द’सारखी अक्षरं आहेत, ऐकू येतं ‘पोयिस्त’. ‘मध्ये’ या अर्थाचं ‘व’ इथे ‘तिआत्र’ आणि ‘कज़ान्य’च्या आधी ‘फ’ झालं आहे. हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने पाच-सात वेळा तसंच म्हटलं की कान ते पुढच्या वेळी धरतो. वहीत नवा शब्द लिहिताना आघाताची खूण त्यावर नेहमी करा. खूण नसलेला शब्द तुम्ही मनात चुकीच्या जागी जोर देऊन म्हणत राहता आणि तो पक्का होतो.

आकड्यांना वेगळी पाच मिनिटं रोज द्या. वेळ, किंमत, तारीख, बसचा नंबर यांवर प्रश्न हमखास असतात आणि काही जोड्या कानाला फसवतात. पंधरा म्हणजे ‘पित्नात्सत्य’ आणि पन्नास म्हणजे ‘पिद्दिस्यात’; बारा म्हणजे ‘द्विनात्सत्य’ आणि एकोणीस म्हणजे ‘दिवित्नात्सत्य’. कुणाला तरी आकडे वाचायला सांगा किंवा स्वतःच्याच आवाजात मुद्रित करा आणि ऐकून अंकांत लिहा. मनात मराठी भाषांतर करायचं नाही, थेट अंक उमटला पाहिजे.

नाशिकरोड ते सातपूर बसमध्ये जो वेळ जातो तोही उपयोगी आहे, पण वरच्या नऊ तासांत तो मोजू नका. गर्दीत, खिडकीच्या आवाजात नवा मजकूर ऐकून तो फक्त कानावरून जातो. बसमध्ये घरी आधीच फोडलेला मजकूर ऐका. गेल्या दोन-तीन आठवड्यांचे निरोप आणि संवाद एकापाठोपाठ लावून ठेवा. मुद्रण हळू करून ऐकायची सोय आजकाल सगळीकडे असते. ती फक्त तपासणीच्या वेळी एखाद्या अडलेल्या वाक्यापुरती वापरा आणि शेवटचं ऐकणं कायम मूळ वेगाने करा.

बुधवारी त्याच निरोपाकडे व्याकरणासाठी वळा. मराठी माणसाला रशियन व्याकरणात बऱ्याच गोष्टी घरच्या वाटतात. तीन लिंगं आपल्याकडे आहेत. ‘मला आवडतं’, ‘मला वीस वर्षं झाली’ अशी वाक्यं रशियनमध्येही ‘मला’नेच सुरू होतात. कर्म निर्जीव असलं तर प्रत्यय लागत नाही आणि सजीव असलं तर लागतो, ‘मी टेबल बघते’ पण ‘मी भावाला बघते’, हा भेद रशियनमधल्या पुल्लिंगी नामांतही आहे. म्हणून माझा आग्रह असतो की रशियन व्याकरण इंग्रजीतून समजून घेऊ नका, मराठी वाक्याशेजारी रशियन वाक्य ठेवून बघा. मात्र जिथे मराठी वेगळी वागते तिथेच तुमचे गुण जातात, आणि अशा तीन जागा मला दरवर्षी विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसतात.

पहिली जागा म्हणजे ‘त’ हा प्रत्यय. आपण ‘मी दुकानात आहे’ म्हणतो आणि ‘मी दुकानात जाते’ही म्हणतो. रशियनमध्ये अव्यय तेच राहतं, पण नामाची विभक्ती बदलते: असताना ‘व मगज़ीनि’, जाताना ‘व मगज़ीन’. मराठी डोकं दोन्हीकडे पहिलंच रूप वापरतं. यावर उपाय म्हणजे अव्ययं सुटी शिकायची नाहीत. ‘कुठे आहे, कुठे चालली, कुठून आली’ अशा तिहीत शिकायची. वरच्या निरोपात ‘फ कज़ान्य’ जाण्यासाठी आहे आणि ‘इस कज़ानि’ परत येण्यासाठी. त्यात ‘कज़ानमध्ये आहे’ हे तुम्ही स्वतः जोडा, म्हणजे तिही पूर्ण झाली. माणसाकडे जायचं असेल तर अव्यय बदलून ‘क’ होतं, आजीकडे जाताना झालं तसं. तिथून परत येताना ‘अत’ आणि असताना ‘उ’. तीसेक नामांच्या अशा तिही वहीत झाल्या की व्याकरणाच्या भागातले बरेच प्रश्न हाताखाली येतात.

दुसरी जागा भूतकाळाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती व्याकरणाच्या भागात कमी पण लेखनात सतत बोचते. मराठीत ‘मी शब्दकोश घेतला’, ‘मी चिठ्ठी वाचली’ म्हणताना क्रियापद कर्माचं लिंग घेतं. बाई बोलत असली तरी ‘घेतला’. रशियनमध्ये भूतकाळी क्रियापद नेहमी कर्त्याचंच लिंग घेतं. तुम्ही लिहिताना ‘या कुपीला स्लवार्य’ लिहायला हवं, पण ‘शब्दकोश घेतला’ मनात असल्यामुळे ‘या कुपील’ होऊन जातं, आणि मग पत्र बाईने लिहिलंय की बाप्याने तेच कळेना होतं. पुरुष विद्यार्थी उलटं करतात, ‘चिठ्ठी वाचली’ मनात धरून स्वतःसाठी ‘प्रचिताला’ लिहितात. पत्र लिहून झालं की भूतकाळी क्रियापदांखाली रेघ मारायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, हे कुणी केलं. काय केलं याकडे पाहायचंच नाही.

तिसरी जागा क्रियापदांच्या जोड्यांची: क्रिया चालू किंवा वारंवार दाखवणारं एक रूप आणि ती पुरी झालेली दाखवणारं दुसरं. ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ असा फरक आपल्याला समजतो, पण साधं ‘वाचलं’ दोन्हीकडे चालतं. ‘तू हे पुस्तक वाचलंस का?’ हा प्रश्न मराठीत पुरा झाल्यासारखा वाटतो. रशियन माणूस मात्र तिथे अपूर्ण रूपच वापरतो, कारण तो फक्त असं कधी घडलं का, एवढंच विचारतोय. परीक्षेपुरते काही खात्रीचे संकेत आधी पक्के करा. ‘रोज’, ‘नेहमी’, ‘बराच वेळ’ आले की अपूर्ण. ‘अचानक’, ‘शेवटी एकदाचं’ आले की पूर्ण. ‘सुरू केलं’ आणि ‘संपवलं’ या क्रियापदांनंतर येणारं दुसरं क्रियापद नेहमी अपूर्ण, ‘नचिला चितात्य’ असं. बाकीचे बारकावे पुढच्या पातळीला सोडून द्या.

जाण्याच्या क्रियापदांचं कोष्टक एकदा बसून पाठ करा. पायी का वाहनाने, आत्ता एका दिशेला का नेहमी ये-जा, एवढे दोनच प्रश्न त्यात असतात.

व्याकरणाच्या सरावात एक धोका असतो. पुस्तकातल्या प्रकरणामागे दिलेले प्रश्न सोडवले की ९० टक्के येतात आणि नमुना परीक्षेत पुन्हा ६०. याचं कारण सोपं आहे: प्रकरणाच्या मथळ्यानेच उत्तर सांगितलेलं असतं. सगळी वाक्यं एकाच विभक्तीची असतील तर विभक्ती निवडायची वेळच येत नाही. म्हणून प्रकरण एकदा करा आणि त्यानंतर दर आठवड्याला निरनिराळ्या प्रकरणांतली तीस वाक्यं मिसळून पंधरा मिनिटांत सोडवा. खऱ्या परीक्षेतही एका वाक्याला साधारण अर्धंच मिनिट मिळतं. चुकलेल्या वाक्याशेजारी योग्य उत्तर लिहून थांबू नका, ते का योग्य आहे हे वाक्यातल्या ज्या शब्दामुळे ठरलं त्याभोवती गोल करा. गोल करायला शब्द सापडला नाही, तर उत्तर अंदाजाने आलं होतं असं समजा.

गुरुवार-शुक्रवार लेखनासाठी ठेवा. या पातळीला बहुतेक मित्राला किंवा मैत्रिणीला पत्र असतं, कधी वाचलेल्या मजकुराबद्दल, कधी स्वतःबद्दल, आणि त्यात कुठले मुद्दे यायला हवेत ते दिलेलं असतं. वरच्या निरोपावर असं पत्र तयार करता येतं: तुम्ही इरा आहात, दुसऱ्या मैत्रिणीला लिहा की शनिवारी नाटकाला कोण येणार नाही, ती कुठे गेली, कुणाकडे, कधी परत येणार, आणि तिला तुमच्याबरोबर यायला बोलवा. हे करताना सगळं रूप बदलावं लागतं. ‘या नि स्मगू’चं ‘अना नि स्मग्ला’ होतं, वर्तमानकाळातलं ‘चालले आहे’ भूतकाळात ‘गेली’ होतं. म्हणजे उतरवून काढायला काही उरत नाही आणि तरी शब्द सगळे ओळखीचे असतात. आधी हे पत्र न बघता लिहा, शब्दकोश शेवटच्या दहा मिनिटांत. लेखनाच्या भागात शब्दकोशाला मुभा असते, पण प्रत्येक वाक्याला पानं उलटत बसलात तर ५० मिनिटं पुरत नाहीत आणि मराठी वाक्य शब्दाशब्दाने उतरवलं जातं.

५० मिनिटांचे भाग असे करा: पाच मिनिटं दिलेले मुद्दे वाचून प्रत्येकाला एक क्रियापद ठरवायला, तीस मिनिटं लिहायला, पंधरा तपासायला. तपासणारा आधी बघतो की सगळ्या मुद्द्यांना उत्तर आलं का. एखादा मुद्दा सुटला तर त्याचे गुण पूर्ण जातात, बाकी पत्र कितीही शुद्ध असो. चुकांतही दोन प्रकार धरतात. ज्या चुकीने अर्थ बदलतो किंवा कळत नाही ती महाग पडते, बाकीच्या स्वस्तात जातात. म्हणून अवघड, लांब वाक्य लिहायचा मोह सोडा. ‘जो-जी-जे’सारखं जोडवाक्य एखाद-दुसरं आणा, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ने जोडलेली दोन-चार, बाकी साधी वाक्यं. शेवटच्या पंधरा मिनिटांत पत्र तीनदा वाचा. एकदा फक्त क्रियापदं, एकदा फक्त अव्ययांपुढची नामं, एकदा फक्त विशेषणांची लिंगं. सगळ्या चुका एकदम शोधायला गेलं तर एकही नीट सापडत नाही.

तपासायला कुणी नाही ही अडचण नाशिकमध्ये वाटते तेवढी मोठी नाही. ओझरला एचएएलमध्ये मिग आणि सुखोई विमानांच्या कामामुळे रशियन तंत्रज्ञांबरोबर काम केलेली, रशियन कागदपत्रं वाचलेली माणसं आपल्या शहरात राहतात. त्यांतले काही निवृत्त झालेत आणि दोन आठवड्यांतून एक पत्र बघायला आनंदाने तयार होतात. ओळखीतून विचारा. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकलेली मुलंही आता नाशिकमध्ये आहेत. अशा कुणाला पत्र दाखवताना ‘बरोबर करून द्या’ म्हणू नका. फक्त चुकीखाली रेघ मारायला सांगा, दुरुस्ती तुम्ही करा आणि मग पुन्हा दाखवा. जी चूक दोनदा आली ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढच्या पत्राची तपासणी त्या पानापासून सुरू होते.

वाचनाला आठवड्याला एक तास पुरे. पण तो शब्दकोशाशिवाय वाचा: पंचवीस मिनिटं न थांबता प्रश्न सोडवा, ज्या उत्तरांची खात्री नाही त्यांवर खूण करा, नंतरच शब्दकोश घ्या. शब्दकोशाशिवायही ७० च्या वर राहत असाल तर या भागाची काळजी सोडा. खाली आलात तर ऐकण्यातला अर्धा तास तिकडे द्या.

रविवारचे तीन तास असे: पहिल्या तासात एखादा भाग पूर्ण, घड्याळ लावून, दर आठवड्याला पाळीपाळीने वेगळा. दुसऱ्या तासात त्याची चिरफाड. तिसऱ्यात आठवड्यातल्या निरोपावर किंवा संवादावर बोलणं. बोलण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम या टप्प्यावर उघडू नका. शुक्रवारचं पत्र बाजूला ठेवून तेच तोंडी सांगा, दोन-तीन मिनिटं, आणि मुद्रित करून ऐका. स्वतःबद्दल, कुटुंबाबद्दल, नोकरीच्या दिवसाबद्दल, नाशिकबद्दल सलग बोलता यायला हवं. गोदाघाट, पंचवटी, द्राक्षाचे मळे यांबद्दल चार-पाच वाक्यं रशियनमध्ये तयार ठेवा, कारण ‘तुमच्या शहराबद्दल सांगा’ हा विषय नेहमीचा आहे. प्रश्न ऐकून लगेच उत्तर द्यायचा सराव त्या पत्र तपासणाऱ्या माणसाबरोबर फोनवर करा.

सहा आठवड्यांनी दुसरी, आधी न पाहिलेली नमुना परीक्षा सोडवा. पहिलीच पुन्हा सोडवलीत तर आठवणीचे गुण मिळतील. ऐकणं ६० च्या जवळ आलं असेल तर तिकडचा एक तास व्याकरणाला द्या. ५० च्या आसपासच अडकलं असेल तर समासातली अक्षरं बघा. ‘ओ’ कमी होऊन ‘न’ वाढले असतील तर ती प्रगतीच आहे, आता शब्द वाढवायची वेळ आली. ‘ओ’ तेवढेच असतील तर मोठ्याने म्हणायचा भाग तुम्ही टाळता आहात, घरात माणसं असताना बहुतेकांना ते अवघड जातं. गच्चीवर जा, पण करा. लेखनात तपासणाऱ्याने अर्थ बिघडवणाऱ्या चुका एका पानात दोन-तीनच्या वर दाखवल्या तर वाचनाचा तास पूर्ण तिकडे वळवा. सरावात प्रत्येक भागात ७५ च्या आसपास आल्याशिवाय सुरक्षित समजू नका. परक्या खोलीत, अनोळखी ध्वनिवर्धकावर काही गुण कमी होतातच, ऐकण्यात तर नक्की.

शेवटचे तीन आठवडे नवं काही घेऊ नका. प्रत्येक रविवारी चार भाग एकामागून एक, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. उत्तरं प्रश्नपत्रिकेवर नाही तर वेगळ्या उत्तरतक्त्यावर भरायची असतात, त्याची प्रत काढून तिच्यावरच सराव करा. ऐकण्याच्या भागात एक प्रश्न सुटला की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. उत्तर येत नसलं तरी त्या घरात काहीतरी खूण करून पुढे जायचं आणि दर पाच प्रश्नांनी क्रमांक पडताळायचा. एखादा भाग गेलाच तर बहुधा तेवढाच पुन्हा देता येतो. त्याची मुदत आणि शुल्क किती हे अर्ज भरतानाच केंद्रावर विचारून घ्या.